दप्तर हरवतं, तेव्हा कंडक्टर काय करू शकतो?

एसटीत एका मुलीचं दप्तर हरवतं आणि सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावरचे कंडक्टरमामा ते शोधायला मदत करतात. बालकथेसाठी हे बीज जुनंच, पण चांगलं आहे. तरीही अशा बऱ्याच गोष्टी फसतात, कारण दप्तर फार सहज सापडतं. मामा प्रेमळ असतात, मुलगी रडते, मामा कुठून तरी दप्तर घेऊन येतात आणि गोष्ट संपते. ते त्यांना कसं सापडलं, हा मुलांचा पहिला प्रश्न, आणि त्याचंच उत्तर गोष्टीत नसतं.

ते उत्तर कंडक्टरच्या कामात सापडतं. त्यासाठी एक गोष्ट बांधून पाहू. भोर आगाराची मुक्कामी गाडी रात्री शिरगावला थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे हीच गाडी हिर्डोशी, निगुडघर करत भोरला येते. पाचवीतली सुमन हिर्डोशीला चढते. तिची शाळा भोरला आहे. गाडीत गर्दी असल्याने ती दप्तर वरच्या रॅकवर ठेवते. भोरला उतरताना ती तसंच निळं दप्तर खाली ओढते, तर ते भलतंच जड लागतं. चेन उघडते तर आत थापी, दोरी, टेप आणि ओळंबा.

दप्तर चोरीला गेलेलं नाही, बदललं आहे. लेखकाने हाच मार्ग निवडावा. चोर आणला की गोष्ट चोराचीच होते. अदलाबदल झाली, की दोन माणसांचं नुकसान होतं आणि दोघांचं सुटण्याचं निमित्तही एकच असतं. इकडे सुमनची वही गेली आहे, तिकडे गवंड्याची हत्यारं नाहीत, म्हणजे त्याची दिवसाची मजुरी बुडणार. मुलाचं जुनं दप्तर हत्यारांसाठी वापरणारा बाप आपल्याकडे नवलाचा नाही, त्यामुळे हा योगायोग वाचकाला खटकत नाही.

आता मामा. ते म्हातारे दाखवायचे म्हटले, तरी महामंडळाच्या नोकरीत अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती येते. म्हणून पांढऱ्या दाढीचे, काठी टेकणारे कंडक्टर चित्रात काढले, तर रोज एसटीने जाणारं मूल लगेच हसेल. मामा सत्तावन्नचे असावेत, केस पिकलेले, आणि याच मार्गावर बरीच वर्षं काढलेली. ही वर्षं कथेच्या कामाची आहेत, कारण कोण कुठे चढतं आणि कुठे उतरतं हे त्यांना पाठ असतं.

सुमन ओळंबा हातात घेऊन म्हणते, “मामा, हा भिंत सरळ आहे का ते बघायचा. आमच्या घराच्या कामाला गवंडीकाकांकडे होता.” एवढा शोध मुलीनेच लावायला हवा. मामांनीच सगळं ओळखलं, तर ती स्वतःच्याच गोष्टीत पाहुणी ठरते. तिने माणूस कोणत्या कामाचा ते सांगावं आणि तो कुठे उतरला हे मामांनी शोधावं. तिकीट मशीनमध्ये कोणत्या थांब्यापासून कोणत्या थांब्यापर्यंत किती तिकिटं गेली, हे दिसतं. नाव मात्र नसतं. शिरगाव ते निगुडघर चार तिकिटं निघालेली दिसतात. त्यातल्या दोन बाया बाजाराच्या, एक मास्तर, चौथा डोक्याला रुमाल बांधलेला. निगुडघरला एका घराचा स्लॅब पडायचा आहे, हे मामांना ठाऊक असतं. मशीनने आकडा दिला, माणूस मात्र मामांच्या स्मरणातून आला. गोष्टीतला सगळ्यात रंजक क्षण हाच आहे आणि त्याला दोन पानं दिली तरी चालतील.

इथे लेखकाची खरी अडचण सुरू होते. कंडक्टरला गाडी वळवून निगुडघरला जाता येत नाही. मोटार वाहन नियमांप्रमाणे फेरी संपल्यावर गाडीत काही राहिलं का ते वाहकाने पाहायचं, सापडलेली वस्तू ताब्यात घ्यायची आणि कार्यालयात जमा करायची. शिवाय त्याला वेबिल पूर्ण करून रोकड भरायची असते. मग वाट एकच उरते, समोरून जाणारी गाडी. मामा वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जातात, थापीची पिशवी दाखवतात, नोंद करतात आणि निगुडघरकडे निघणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला सांगतात, “स्टँडपाशी चहावाल्याकडे दे, गवंडी विचारत येईल. त्याच्याकडचं दप्तर तिथेच ठेवून घे.” ग्रामीण मार्गावर निरोप आणि डबे असेच पोचत आले आहेत. गवंड्याचा मोबाईल नंबर कुणाकडेच नाही, त्यामुळे फोनने गोष्ट आटपतही नाही.

पण दप्तर तिचंच कशावरून? हा प्रश्न टाळू नये. एरिक केस्टनर यांच्या १९२९ सालच्या ‘एमिल आणि गुप्तहेर’ या जर्मन कादंबरीत एमिलने पैसे कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवलेले असतात. पुढे बँकेत त्याच नोटांवरच्या टाचणीच्या भोकांमुळे ते पैसे त्याचेच असल्याचं सिद्ध होतं. ही खूण कथेत आधीच पेरलेली असते, आणि सगळी ताकद त्या पेरणीत आहे. आपल्या कथेतही पहिल्याच पानावर सुमनच्या कंपासपेटीत चिंचोके ठेवलेले दाखवावेत. नंतर मामा विचारतात, “तुझ्या दप्तरात असं काय आहे, जे दुसऱ्याच्या दप्तरात नसेल?” तेव्हा वाचणारं मूल सुमनच्या आधी उत्तर देतं.

आणखी एक गोम आहे. सुमनचा पास दप्तरातच राहिला आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवीपासूनच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण तो दाखवता आला पाहिजे. संध्याकाळी तिला घरी जायचं आहे आणि हातात काहीच नाही. हळव्या गोष्टीत मामा म्हणतील, “बस, तिकीट नको.” खऱ्या कंडक्टरला हे महागात पडतं. तपासणी पथक चढलं आणि विनातिकीट प्रवासी सापडला, तर कारवाई त्याच्यावरही होते. कामावर येताना जवळची खासगी रक्कमही त्याला नोंदवावी लागते, कारण तपासणीत रोकड आणि तिकिटं जुळावी लागतात. म्हणून मामा आधी भरणा करतात आणि मग स्वतःच्या खिशातून संध्याकाळच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे सुमनच्या हातात ठेवतात. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट असतं, हे तिलाही माहीत आहे. नियम न मोडता केलेली ही मदत मोफत नेण्यापेक्षा खूप मोठी वाटते.

संध्याकाळच्या गाडीवर वेगळा, तरुण कंडक्टर आहे. निगुडघरला तो एक घंटा देऊन गाडी थांबवतो. चहाच्या टपरीवर गवंडी दप्तर घेऊन उभा आहे. त्याने चेन उघडलीच होती, पण कंपासपेटीतल्या चिंचोक्यांना हात लावलेला नाही. सुमन पास काढून दाखवते, गाडीला दोन घंटा होतात आणि ती हिर्डोशीला जाते. शेवटच्या प्रसंगात मामा नाहीत, आणि ते तसंच असू द्यावं. त्यांनी तिला स्वतःच्या पायावर घरी जाता येईल एवढं करून दिलं आहे. त्यांना परत आणून आशीर्वाद द्यायला लावला, तर सुमनने ओळंब्यावरून काढलेला माग झाकला जाईल.

सात ते दहा वर्षांच्या वाचकांसाठी ही गोष्ट हजार-बाराशे शब्दांत बसते. लिहायच्या आधी लेखकाने एकदा तरी मुक्कामी गाडीने पहाटे प्रवास करावा, कंडक्टरच्या जागेजवळ बसून तो काय पाहतो, कुणाला नावाने हाक मारतो, हे टिपावं आणि मगच मामांच्या तोंडी पहिलं वाक्य घालावं.