किट संपलं, जंतू गेला का?

पंचेचाळिशीचे एक गृहस्थ. नोकरी फिरतीची, जेवणाच्या वेळा सांभाळणं कठीण, आणि दोन वर्षांपासून पोटाच्या वरच्या भागात दुखणं. दुर्बिणीच्या तपासणीत ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, अल्सर दिसला आणि जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. औषधाच्या दुकानात सहज मिळणारं किट त्यांना दिलं गेलं. आम्ल कमी करणारी गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन, सगळं एका पाकिटात, सात दिवसांचं. पाचव्या दिवशी दुखणं थांबलं, तोंडाला कडवट चव येत होती, म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपणहून श्वासाची चाचणी करून घेतली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. सहा महिन्यांनी डांबरासारखी काळी शी होऊ लागली आणि चक्कर येऊन ते रुग्णालयात पोहोचले.

हे गृहस्थ काल्पनिक आहेत, पण त्यांच्या प्रवासातली प्रत्येक पायरी रोज कुठे ना कुठे घडते. निगेटिव्ह रिपोर्ट खोटा का ठरला, हे समजलं की या आजाराचं निम्मं गणित उलगडतं.

जठरातल्या तीव्र आम्लात जंतू टिकत नाहीत, असं डॉक्टर अनेक दशकं मानत आले होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी ते खोटं ठरवलं. १९८२ मध्ये ईस्टरच्या लांबलचक सुट्टीमुळे जंतुवाढीच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यावर हा सावकाश वाढणारा जंतू पहिल्यांदा उगवलेला दिसला. मार्शलनी पुढे १९८४ मध्ये जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्या प्रयोगाची गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की इथे एवढंच पुरे. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं.

जंतू आम्लात टिकतो तो युरिएज नावाच्या एन्झाइमच्या जोरावर. जठररसात थोडा युरिया असतोच. हा एन्झाइम त्याचे दोन तुकडे करतो, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. अमोनिया जंतूभोवतीचं आम्ल मारतो आणि त्या आडोशाने जंतू जठराच्या चिकट आवरणात शिरून बसतो. बहुतेकांना हा संसर्ग लहानपणी घरातल्या घरात होतो आणि उपचार केले नाहीत तर जन्मभर राहतो. भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात तो असल्याचं बहुतेक पाहण्यांत दिसतं. त्यातल्या बहुसंख्यांना कधीच काही होत नाही, काहींना अल्सर होतो, आणि थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग. म्हणून सरसकट प्रत्येकाची तपासणी करत बसण्यात अर्थ नाही. अल्सर झालेला, जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग असलेला, दीर्घकाळ ॲस्पिरिन घ्यावं लागणार असलेला, कारण न सापडणारी लोहाची कमतरता असलेला, अशांची मात्र करायलाच हवी.

ज्या एन्झाइममुळे जंतू वाचतो, त्यामुळेच तो पकडलाही जातो. श्वासाच्या चाचणीत रुग्णाला खूण केलेला युरिया देतात. ही खूण म्हणजे कार्बनचा वेगळा प्रकार, कार्बन-१३ किंवा कार्बन-१४. आधीचा किरणोत्सारी नाही, नंतरचा अगदी अल्प प्रमाणात आहे, त्यामुळे गरोदर स्त्रियांना तो देत नाहीत. जठरात जंतू असेल तर युरिया फुटतो, खुणेचा कार्बन डायऑक्साइड रक्तात जातो आणि साधारण अर्ध्या तासात फुगवलेल्या पिशवीत सापडतो. दुर्बिणीच्या वेळी काढलेला जठराचा तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलीत ठेवला तर ती अमोनियामुळे गुलाबी होते. तोच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. शौचाच्या नमुन्यात जंतूचे प्रथिन शोधणारी चाचणीही चांगली, फक्त ती प्रयोगशाळेत नीट केलेली असावी. झटपट पट्ट्यांचा भरवसा कमी.

रक्ताची चाचणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी. ती जंतू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. जंतू मेल्यावरही ती रक्तात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. उपचारांनंतर जंतू गेला का, या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नसतंच.

आता त्या निगेटिव्ह रिपोर्टकडे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या आम्ल घटवणाऱ्या गोळ्या चालू असताना जठरातले जंतू कमी होतात, त्यांचा युरिएज मंदावतो आणि ते जठराच्या खालच्या भागातून वर सरकतात. अँटिबायोटिक संपून आठवडाच झाला असेल तर उरलेले जंतू इतके थोडे असतात की खुणेचा कार्बन मोजण्याइतका सुटत नाही. चाचणी म्हणते, नाही. जंतू असतो आणि काही आठवड्यांत पुन्हा संख्येने वाढतो. म्हणून नियम असा आहे: अँटिबायोटिक आणि बिस्मथ संपल्यापासून किमान चार आठवडे, आणि आम्ल घटवणारी गोळी बंद केल्यापासून किमान दोन आठवडे गेल्याशिवाय ही चाचणी करायची नाही. मधल्या काळात जळजळ झाली तर साधं अँटासिड चालतं. आपल्याकडे ही गोळी चिठ्ठीशिवाय, ‘गॅसची गोळी’ म्हणून रोज सकाळी घेतली जाते. तिचा उल्लेख करायचं रुग्णाला सुचतही नाही, तेव्हा विचारणं डॉक्टरांनीच करायला हवं.

रुग्णालयात आल्यावर गृहस्थांची पुन्हा दुर्बिणीची तपासणी झाली. रक्तस्राव थांबवला. पण जेलीची चाचणी निगेटिव्ह! त्याचंही कारण होतं. जठरात रक्त असलं की ही चाचणी चुकण्याचं प्रमाण वाढतं, आणि त्यांना शिरेतून आम्ल घटवणारं औषधही सुरू झालेलं होतं. रक्तस्रावात जंतू सापडला तर तो खरा मानायचा, न सापडल्यास मात्र पुढे पुन्हा तपासायचं, हे इथे महत्त्वाचं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या तुकड्यांत अखेर जंतू दिसले.

मुळात पहिलं किट का फसलं? पाच दिवसांत सोडणं हे एक कारण. पण त्यांनी ते चौदा दिवस नेमाने घेतलं असतं तरी खात्री नव्हती, आणि दोष त्यांच्या शिस्तीवर ढकलणं सोयीचं असलं तरी अर्धवट आहे. क्लॅरिथ्रोमायसिन जंतूच्या रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेत, एका ठरावीक जागी जाऊन बसतं. जंतूच्या जनुकीय संकेतातलं एक अक्षर बदललं की ती जागाच बदलते आणि औषध चिकटत नाही. मग मात्रा वाढवून उपयोग नाही. हेच औषध ज्या कुटुंबातलं आहे, त्याच कुटुंबातलं ॲझिथ्रोमायसिन आपण सर्दी-खोकल्यासाठी वर्षानुवर्षं घेत आलो आहोत. त्यामुळे जठरात निमूट बसलेल्या जंतूचा सराव आधीच झालेला असतो.

गणित करून पाहू. शंभर रुग्ण आहेत आणि त्यातल्या तीस जणांचा जंतू क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नाही असं समजू. उरलेल्या सत्तरांत दहापैकी नऊ बरे झाले, म्हणजे त्रेसष्ट. तीस जणांत उरलेल्या औषधांच्या जोरावर नऊ बरे झाले असं धरलं तर एकूण बहात्तर. अठ्ठावीस जणांच्या पोटात जंतू राहिला, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं तरीही थांबलेलं असणार, कारण आम्ल घटवणारी गोळी ते काम करतेच. १९९० च्या दशकात प्रतिकार कमी होता तेव्हा याच किटचे निकाल उत्तम येत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जंतूंची यादी काढली, तेव्हा क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा हा जंतू त्यात उच्च प्राधान्याच्या गटात होता.

मेट्रोनिडाझोलचा प्रतिकार वेगळ्या तऱ्हेचा आहे. ते जंतूच्या आत शिरल्यावर जंतूच्याच एन्झाइमने चेतवलं जातं. हा एन्झाइम बिघडला तर परिणाम कमी होतो, पण मात्रा वाढवून, दिवस वाढवून आणि सोबत बिस्मथ देऊन त्यावर बरीच मात करता येते. जुलाबावर सर्रास वापरल्यामुळे भारतात याचा प्रतिकार खूप आहे, तरीही ते उपचारांत टिकून आहे ते यामुळे. लेव्होफ्लॉक्सासिनला ही सवलत नाही, तिथे क्लॅरिथ्रोमायसिनसारखीच गत. अमॉक्सिसिलिन आणि टेट्रासायक्लिन यांचा प्रतिकार मात्र बहुतेक ठिकाणी अजून कमी आहे.

म्हणून आज अनेक मार्गदर्शक सूचनांत, जंतूची संवेदनशीलता तपासलेली नसेल तर, पहिली निवड चार औषधांची असते: बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्ल घटवणारी गोळी, चौदा दिवस. आपल्या गृहस्थांना हेच मिळालं. बिस्मथ आणि टेट्रासायक्लिन दिवसातून चार वेळा, मेट्रोनिडाझोल तीन वेळा आणि आम्लाची गोळी दोन वेळा, अशा साध्या हिशेबानेही दिवसाला तेरा वेळा गोळी किंवा कॅप्सूल. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घ्यायचं नाही, मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू नको. बिस्मथने जीभ आणि शी काळी होते. ज्याला काळ्या शीने रुग्णालयात आणलं होतं, त्याला हे आधी सांगितलं नाही तर घाबरून तो औषध थांबवणारच. टेट्रासायक्लिन मिळालं नाही म्हणून डॉक्सिसायक्लिन देण्याची तडजोड होते, पण तिचे निकाल कमी येतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना टेट्रासायक्लिन देत नाहीत, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

हेही फसलं तर तेच किट पुन्हा द्यायचं नाही. आधी घेतलेली अँटिबायोटिक्स वगळून नवी जोडणी करायची, शक्य असेल तर जठराच्या तुकड्यावर प्रतिकाराची चाचणी करून. रिफाब्युटिन हे अशा वेळचं आणखी एक औषध. मात्र ते क्षयाच्या रिफाम्पिसिनचं जवळचं भावंड आहे, तेव्हा क्षय मुबलक असलेल्या आपल्या देशात ते सहज हाताशी घेण्यासारखं नाही.

गृहस्थांनी चौदा दिवस पूर्ण केले. समजा, शेवटचा दिवस १४ मार्च. अल्सर भरण्यासाठी आम्लाची गोळी आणखी काही दिवस चालली आणि २८ मार्चपासून बंद झाली. त्याआधी किंवा त्यानंतर काही बिनसलं नसेल, तर श्वासाची चाचणी ११ एप्रिलनंतर. त्यांनी ती १५ एप्रिलला उपाशीपोटी करून घेतली आणि ती निगेटिव्ह आली. पहिल्यासारखाच कागद, पण या वेळी त्याच्यावर विश्वास ठेवता येत होता. प्रौढांना नव्याने संसर्ग होण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे वर्षभरात जंतू परत दिसलाच तर बहुतेक वेळा तो जुनाच, पुरता न मेलेला असतो. गृहस्थांना गुडघेदुखीसाठी अधूनमधून वेदनाशामक गोळ्या लागत होत्या. त्या जंतूशिवायही अल्सर करू शकतात, हे त्यांच्या कागदपत्रांच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं गेलं, आणि त्याखाली आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या अँटिबायोटिक्सची यादी.