तीस दिवसांत इतिहासाची उजळणी: बारा भाग, चार भेटी

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की परीक्षा महिन्यावर आली, वाचन एकदा झालंय, पण मागचं आठवत नाही. मग काय करायचं? आज आपण तेवढंच बघू. उदाहरण स्पर्धा परीक्षेतल्या आधुनिक भारताच्या, विशेषतः महाराष्ट्राच्या इतिहासाचं घेऊ, आणि सोलापुरात बसलो आहोत तर सोलापूरचंच घेऊ.

बहुतेक जण पुस्तकाची पानं तीस दिवसांत समान वाटून घेतात. यात अडचण अशी की पहिल्या दिवशी वाचलेला कंपनी सरकारचा काळ परत समोर येतो तो थेट परीक्षेत. मधल्या महिन्याभरात तो पुसट झालेला असतो, आणि मग शेवटच्या दोन रात्री घोकंपट्टी सुरू होते. म्हणून आम्ही पानं वाटत नाही, भेटी वाटतो. प्रत्येक भाग महिन्यात चार वेळा भेटला पाहिजे.

आधी अभ्यासक्रमाचे बारा भाग करा. 1857 चा उठाव एक, महाराष्ट्रातले समाजसुधारक एक, सविनय कायदेभंग एक, शेवटचा संयुक्त महाराष्ट्र, असे. भागांची लांबी सारखी नसली तरी चालेल. प्रत्येक भाग एका दिवसात बसला म्हणजे झालं.

पहिले तीन आठवडे, दर आठवड्याला चार दिवस रोज एक भाग. पाचव्या दिवशी जे कच्चं राहिलं ते, सहाव्या दिवशी आतापर्यंतच्या सगळ्या भागांवर मिसळून प्रश्न, सातवा दिवस मोकळा. शिवाय रोज संध्याकाळी वीस मिनिटं पुस्तक मिटून दोन गोष्टी लिहायच्या: कालचा भाग आणि आठवड्यापूर्वीचा भाग. बाविसाव्या दिवसापासून सहा दिवस, रोज दोन भाग, पहिल्यापासून क्रमाने. अठ्ठाविसाव्या आणि एकोणतिसाव्या दिवशी वेळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका. तिसाव्या दिवशी फक्त स्वतःची टिपणं.

आता सविनय कायदेभंग हा आठवा भाग धरू. तो येतो अकराव्या दिवशी. मग बारावा, अठरावा आणि पंचविसावा दिवस, अशा चार भेटी. अकराव्या दिवशी वाचून एका पानाचं टिपण करायचं, पण तारखांची यादी नको, साखळी हवी. 1930 च्या मार्चमध्ये दांडीयात्रा निघाली, 6 एप्रिलला मिठाचा कायदा मोडला, मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली. त्या अटकेच्या निषेधात सोलापुरात हरताळ पडला, गिरणी कामगार रस्त्यावर आले, 8 मेला गोळीबार झाला आणि त्याच महिन्यात शहरात लष्करी कायदा लागला. पुढे 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. एकातून दुसरं निघतं, म्हणून एक कडी आठवली की पुढची हाताला लागते.

बाराव्या दिवशी हे न बघता लिहायचं. इथे चुका होणारच, आणि त्या कामाच्या आहेत. फक्त चूक कुठल्या जातीची, ते ओळखा. समजा, एकाने चौघांच्या फाशीची तारीख 12 डिसेंबर 1930 लिहिली. ती तर मुंबईत बाबू गेनू गेले तो दिवस. ही सरमिसळ झाली. त्यावर औषध म्हणजे दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहून फरक डोळ्यांसमोर ठेवणं. दुसऱ्याने लष्करी कायदा आधी आणि गोळीबार नंतर लिहिला. त्याची साखळी तुटली आहे, त्याने तो परिच्छेद परत वाचावा. तिसऱ्याला फक्त एक नाव आठवलं नाही. त्याने ते नाव टिपणाच्या कडेला लिहावं, अख्खा भाग पुन्हा वाचत बसू नये.

अठराव्या दिवशी तीच चूक परत झाली तर तो भाग कच्चा. त्याला पाचव्या दिवसासारखी जागा द्या, म्हणजे एकोणिसाव्या दिवशी. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून आपल्याला येतं असा समज होतो. मिटल्या पुस्तकासमोर काय उतरतं, तेवढंच खरं.

मधे लग्न निघालं, ताप आला, दोन दिवस गेले, तर काय? दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. मोकळा सातवा दिवस त्यासाठीच आहे. तरी भरलं नाही तर वाचन कमी करा, संध्याकाळची वीस मिनिटं मात्र सोडू नका, कारण आठवड्यापूर्वीचा भाग तिथेच टिकतो.

एक मर्यादा मात्र सांगतो. ही उजळणीची योजना आहे. ज्यांनी एखादा भाग एकदाही वाचलेला नाही, त्यांचा तो भाग एका दिवसात बसणार नाही. असे दोन-तीन भाग असतील तर आजच मोजा आणि महिना सुरू होण्याआधीच उरका. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.