जास्वंदीच्या फुलात, बाहेरून आत

पाचवीच्या मुलांना फुलाचे भाग क्रमाने लक्षात राहावेत म्हणून या चार कडव्या रचल्या आहेत.

पहिली वाटी हिरवी असते,
निदलपुंज ती कळीस जपते.

आत पाकळ्या रंगित हसती,
दलपुंजावर कीटक बसती.

तिसरे पुमंग केसर धरते,
बोटांवरती पराग भरते.

जायांग बसे मध्यावरती,
अंडाशय तळि, कुक्षी वरती.

ठेका आठ-आठ मात्रांचा आहे, टाळ्यांवर सहज बसतो. पण पाठ करून घेण्याआधी मुलांच्या हातात एकेरी पाकळ्यांची जास्वंद द्यावी. फूल मोठं असतं, भाग नुसत्या डोळ्यांनी दिसतात. दुहेरी जास्वंद मात्र घेऊ नये. तिच्यात बरेचसे केसर पाकळ्यांसारखे पसरट झालेले असतात, त्यामुळे तिसरं कडवं शोधूनही सापडत नाही.

खरी अडचण शेवटच्या दोन कडव्यांत येते. जास्वंदीच्या मधून जी लांब दांडी बाहेर येते, तिच्यावर पिवळे परागकोष असतात आणि अगदी टोकाला पाच लाल गोंडे. मुलं म्हणतात, हे लाल गोंडे तर सगळ्यांत बाहेर आहेत, मग कुक्षी मधली कशी? त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. कवितेतला क्रम फुलाच्या टोकाचा नसून बुडाचा आहे, म्हणजे देठाच्या वरच्या फुगीर भागावर कोण कुठे चिकटलंय त्याचा. हे आधी सांगितलं नाही, तर कविता खोटी वाटते.

म्हणून फूल उघडावं. आधी हिरवी वाटी सोलावी. तिच्याखालच्या बारीक हिरव्या पट्ट्या हा जास्वंदीचा जादा थर, कवितेत तो नाही. मग पाकळ्या हळूच ओढाव्यात. त्यांच्यासोबत दांडीही निघू लागते, कारण केसरांची ही नळी तळाशी पाकळ्यांना जोडलेली असते. ती नळी शिक्षकांनी ब्लेडने उभी चिरावी. आतून पांढरट दोरा निघतो, तो कुक्षीवृंत. वर तो पाच गोंड्यांत संपतो, खाली अंडाशयात. अंडाशय आडवं कापलं की पाच कप्पे आणि त्यांतली पांढरी बीजांडं भिंगातून दिसतात. पुमंगाच्या पोटातून जायांग जातं, हे एकदा पाहिलं की तिसऱ्या-चौथ्या कडव्याची अदलाबदल होत नाही.

सगळ्या फुलांना मात्र ही कविता लागू करू नये. निशिगंधात हिरवी वाटी नसतेच, सहाही पाकळ्या सारख्या असतात. तिथे पहिली दोन कडवी एकच होतात. झेंडूत तर घोटाळा आणखी मोठा. त्याची कडेची एक ‘पाकळी’ उपटून पाहा: तिच्या टोकाला बारीक, लांबट अंडाशय असतं. ती पाकळी नसून एक छोटं फूल आहे, आणि झेंडूची हिरवी वाटी ही अशा अनेक फुलांच्या गुच्छाची आहे.