दशांश चिन्हानुसार अंकस्तंभांची मांडणी

दशांश चिन्हानुसार अंकस्तंभांची मांडणी : एकाखाली एक लिहिलेल्या दशांश संख्यांची दशांश चिन्हे एकाच उभ्या रेषेत आणण्याची पद्धती. या मांडणीत एककाखाली एकक, दशकाखाली दशक व दशांशाखाली दशांश येतो. त्यामुळे संख्यांच्या मोठेपणाची तुलना अंक न वाचताही, केवळ स्थानावरून करता येते. ज्या टंकात प्रत्येक अक्षर, अंक, चिन्ह व रिकामी जागा यांची रुंदी सारखीच असते, त्यास समरुंद टंक म्हणतात. टंकलेखन यंत्रावर व संगणकाच्या साध्या मजकुरात हा टंक वापरला जातो. अशा मजकुरात ही मांडणी केवळ रिकाम्या जागांची संख्या मोजून साधता येते.

उदाहरणार्थ, पाण्याच्या एका नमुन्याच्या तपासणीत एकूण विरघळलेले घन पदार्थ ४१२, कॅल्शियम ३८.५, फ्ल्युओराइड ०.७२ व लोह ०.०४५ (सर्व मिग्रॅ. प्रतिलिटर) असे आढळले असे समजू. या संख्या डाव्या कडेला जुळवून लिहिल्यास ०.०४५ ही सर्वांत लहान संख्या सर्वांत लांब दिसते, तर उजव्या कडेला जुळवल्यास ४१२ मधील २ हा अंक ०.०४५ मधील ५ या अंकावर येतो. दोन्ही प्रकारांत स्थानमूल्याचा बोध होत नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे सर्व संख्यांना दशांश स्थळे सारखीच देऊन त्या उजव्या कडेला जुळवणे. फोर्ट्रान (१९५७) या संगणकीय भाषेत यासाठी `F8.3` अशी खूण वापरतात. तिचा अर्थ एकूण रुंदी आठ जागांची व दशांश स्थळे तीन असा होतो. सी भाषेत हेच `%8.3f` असे लिहितात. वरील संख्या त्यानुसार पुढीलप्रमाणे छापल्या जातात :

```
 412.000
  38.500
   0.720
   0.045
```

स्तंभ जुळला, परंतु त्याचा अर्थ बदलला. ४१२.००० असे लिहिणे म्हणजे घन पदार्थांचे मापन मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत केले आहे असे सांगणे होय. प्रत्यक्षात ते पूर्ण मिलिग्रॅमपर्यंतच झालेले आहे. उलट, दशांश स्थळे कमी केल्यास माहिती नष्ट होते. एकच स्थळ ठेवले, तर लोह ०.० छापले जाईल. एकही स्थळ ठेवले नाही, तर फ्ल्युओराइड १ असे दिसेल. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आय. एस. १०५०० (२०१२) या भारतीय मानकात फ्ल्युओराइडची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर १.० मिग्रॅ. आहे. म्हणजे मर्यादेच्या बऱ्याच आत असलेले पाणी अहवालात नेमके मर्यादेवर असल्याचे भासेल. म्हणून समान स्थळांची पद्धत हिशेबातील रुपये-पैसे किंवा एकाच उपकरणाने घेतलेली मापे यांनाच योग्य ठरते.

मापनांची अचूकता वेगवेगळी असेल, तेव्हा प्रत्येक संख्येचे दोन भाग करावे लागतात. चिन्हाच्या डावीकडील पूर्णांक भाग उजव्या कडेला जुळवायचा आणि चिन्हासह उजवीकडील भाग डाव्या कडेला. ज्या संख्येत दशांश चिन्हच नाही, तिचे चिन्ह शेवटच्या अंकानंतर आहे असे मानतात. वरील यादीत सर्वांत लांब पूर्णांक भाग तीन अंकांचा (४१२) व चिन्हासह सर्वांत लांब अपूर्णांक भाग चार जागांचा (०.०४५ मधील) आहे, म्हणून स्तंभाची रुंदी सात जागा होते. ३८.५ च्या आधी एक व नंतर दोन, तर ०.७२ च्या आधी दोन व नंतर एक रिकामी जागा येते. ऋण चिन्ह व हजार-लाख दर्शविणारे स्वल्पविराम हेही पूर्णांक भागाच्या लांबीत मोजावे लागतात. पायथन भाषेत हे काम असे होते :

```
a, dot, b = s.partition(".")
print(a.rjust(3) + (dot + b).ljust(4) + "  " + name)
```

येथे `s` ही संख्या नसून मूळ नोंदीतील मजकूर आहे, हे महत्त्वाचे. ०.७० ही नोंद संख्या म्हणून साठविली, की शेवटचे शून्य संगणकाच्या लेखी उरत नाही आणि ती ०.७ अशी छापली जाते. तसेच फार लहान संख्येचे मजकुरात रूपांतर करताना पायथन `1e-05` असे घातांकी रूप देते. त्यात दशांश चिन्ह नसल्याने ते सगळेच पूर्णांक भागात धरले जाते व ती ओळ विस्कटते.

ठरविलेल्या रुंदीत संख्या मावली नाही, तर काय होते हे भाषेवर अवलंबून असते. सहा जागा व तीन दशांश स्थळे ठरविली असता ४१२ ही संख्या मावत नाही, कारण तिला सात जागा लागतात. अशा वेळी फोर्ट्रान, सी व कोबॉल (१९६०) या भाषांतून अनुक्रमे पुढील ओळी मिळतात :

```
******
412.000
12.000
```

फोर्ट्रान संख्येऐवजी तारका छापते. स्तंभ टिकतो व चूक लगेच नजरेस येते. सी भाषा रुंदी ओलांडून पूर्ण संख्या छापते. स्तंभ मोडतो, पण संख्या खरी राहते. कोबॉलमध्ये `Z9.999` या आराखड्यात न मावणारा डावीकडील अंक गळून पडतो. स्तंभ सुबक दिसतो, मात्र ४१२ च्या जागी १२ छापले जातात. ही चूक डोळ्यांना दिसत नाही. स्तंभाची छापलेली बेरीज हाताने पडताळली तरच ती सापडते. म्हणून अपेक्षित असलेल्या सर्वांत मोठ्या संख्येहून रुंदी एक-दोन जागा अधिक ठेवणे इष्ट असते.

मराठी अहवालात आणखी एक अडचण येते. ‘कॅल्शियम’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो, परंतु स्वरचिन्हे व हलन्त वेगळे साठविले जात असल्याने संगणक तो आठ घटकांचा मोजतो. त्यामुळे देवनागरी नावे आधी व संख्या नंतर ठेवल्यास मोजलेल्या जागा चुकतात व संख्या मागेपुढे सरकतात. यावर सोपा उपाय म्हणजे संख्या आधी छापून नावे ओळीच्या शेवटी ठेवणे :

```
412      एकूण विरघळलेले घन पदार्थ
 38.5    कॅल्शियम
  0.72   फ्ल्युओराइड
  0.045  लोह
```

ही सर्व मांडणी समरुंद टंकावरच अवलंबून असते. पुस्तकी छपाईच्या अनेक टंकांत अंकांची रुंदी परस्परांत सारखी असते, पण रिकामी जागा अंकाहून अरुंद असते. त्यामुळे असा मजकूर त्या टंकात छापल्यास जितक्या अधिक रिकाम्या जागा, तितकी ती ओळ डावीकडे सरकते. रिकाम्या जागांऐवजी टॅब वापरल्यास त्याची रुंदी प्रत्येक यंत्रावर निराळी असू शकते. म्हणून तपासणी पडद्यावर न करता छापलेल्या कागदावर करावी. दशांश चिन्हांवरून उभी पट्टी ठेवली असता ज्या ओळीचे चिन्ह पट्टीबाहेर जाते, तेथे टंक, टॅब किंवा रुंदी यांपैकी एखादा दोष असतो.

एका स्तंभात एकाच एककातील संख्या असल्या, तरच ही मांडणी अर्थपूर्ण ठरते. मिलिग्रॅम व मायक्रोग्रॅम एकाच स्तंभात आल्यास चिन्हे जुळूनही तुलना चुकीची होते. अशा वेळी आधी एकक समान करावे लागते.