खोक्यावरचा बारकोड बदलून घेताना

मोठ्या किरकोळ साखळीच्या गोदामात माल उतरताना खोकी उघडून मोजत बसायला कोणाला वेळ नसतो. खोक्यावरचा बारकोड स्कॅन होतो आणि आत काय व किती आहे, हे त्यावरूनच नोंदले जाते. लहान उत्पादक मात्र पुष्कळदा बरणीवरचाच बारकोड खोक्यावरही छापतात. मग बारा बरण्यांचे खोके संगणकाला एक बरणी म्हणून दिसते, बिल आणि आवक जुळत नाही आणि पैसे अडकतात. अशा साखळीला माल विकणाऱ्या व्यापाऱ्याने पुरवठादाराकडून सर्वांत आधी हेच बदलून घ्यायला हवे.

समजा, लोणच्याच्या बरणीचा क्रमांक ८९०१२३४५६७८९० आहे. बारा बरण्यांच्या खोक्यासाठी त्याच्या आधी १ येतो. शेवटचा आकडा हा तपासणीचा असतो. तो आधीच्या सर्व आकड्यांवरून काढतात. पुढे १ आल्याने तो ० ऐवजी ७ होतो आणि खोक्याचा क्रमांक १८९०१२३४५६७८९७ असा चौदा आकडी बनतो. जुने शून्य तसेच ठेवणे ही नेहमी होणारी चूक. चोवीस बरण्यांचे खोके काढले तर त्याला आणखी वेगळा क्रमांक लागतो. हे क्रमांक ब्रँडच्या मालकाने ठरवायचे असतात. ब्रँड पुरवठादाराचा असेल तर व्यापाऱ्याने स्वतःच्या मनाने क्रमांक देऊ नये.

पुरवठादाराला ‘बारकोड बदला’ एवढेच कळवून भागत नाही. प्रत्येक मालाचा जुना व नवा क्रमांक, खोक्यातील नग, बारकोड कोणत्या बाजूंवर हवा ते दाखवणारे चित्र आणि कोणत्या मालापासून बदल लागू होणार ती तारीख, हे सगळे लेखी द्यावे. ग्राहकाच्या नियमपुस्तिकेतले संबंधित पान सोबत जोडले तर वाद उरत नाही.

छपाईकडे विशेष लक्ष द्यावे लागते. तपकिरी पन्हळी पुठ्ठ्यावर शाई पसरते, म्हणून तिथे आयटीएफ-१४ प्रकारचा, जाड चौकटीचा बारकोड वापरतात. पूर्ण आकारात तो सुमारे १४३ मिलिमीटर लांब असतो. रेघांचा खालचा टोक खोक्याच्या तळापासून ३२ मिलिमीटरवर आणि बारकोड उभ्या कडेपासून निदान १९ मिलिमीटर आत असावा. लाल शाई टाळावी, कारण स्कॅनरच्या लाल प्रकाशात ती जवळजवळ दिसतच नाही. खोके लहान असेल तर पुठ्ठ्यावर छापण्यापेक्षा पांढरे लेबल चिकटवणे बरे.

पुरवठादाराची खरी अडचण असते ती आधीच छापून पडलेल्या खोक्यांची. ती फेकायला लावणे अन्यायाचे आहे. साठा संपेपर्यंत नवे लेबल जुन्या बारकोडवरच चिकटवता येते. शेजारी चिकटवले तर स्कॅनर कधी एक वाचतो, कधी दुसरा. छपाईचा नवा ठसा बनवण्याचा खर्च कोण उचलणार, हेही आधीच ठरवावे. पूर्ण छपाईपूर्वी भरलेले एक नमुना खोके मागवून त्याची छपाई बारकोड तपासणी यंत्रावर पाहावी. मोबाइलने वाचला म्हणजे गोदामातल्या पट्ट्यावरचा स्कॅनरही वाचेल, असे नसते.