‘पेपर क्लिअर’ म्हणजे नेमके काय?

वाळूजच्या सेकंडहँड दुचाकींवर बहुधा एमएच-२० ही संभाजीनगर आरटीओची मालिका असते. विक्रीच्या व्हिडिओत ‘पेपर क्लिअर’ म्हणत विक्रेते गाडी फिरवून दाखवतात. आरसी मात्र ओझरती दिसते. म्हणून गाडी घेण्याआधी हे तपासावे:

• मुदत: दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची. २०१२ची गाडी २०२७मध्ये नूतनीकरणाला येते. तो खर्च किमतीत धरावा.

• बोजा: हप्ते फिटले तरी आरसीवरचे फायनान्स कंपनीचे नाव आपोआप जात नाही. त्यासाठी कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. व्हिडिओत ‘लोन क्लिअर’ म्हटले, तरी हे दोन्ही कागद मागावेत.

• नाव बदल: फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याची सही आरसीवर नाव असलेल्या मालकाचीच हवी, मधल्या माणसाची चालत नाही.

• किंमत: नावावर करण्याचा खर्च धरून की वेगळा, हे आधी विचारावे.