सॉरी, उत्तराला उशीर झाला

डेटिंग ॲपवर मॅच झाल्यावर गप्पा रंगात येतात आणि नेमकं तेव्हाच ऑफिसचं काम अंगावर कोसळतं. समजा, हिंजवडीतल्या एका इंजिनिअरला तिनं शुक्रवारी दुपारी विचारलं, ‘पावसात तिकोना केलायस का?’ संध्याकाळी कंपनीची पेमेंट सिस्टिम बंद पडली, ऑन-कॉल ड्युटी त्याचीच होती. रविवारी सकाळी तो मोकळा झाला. आता काय लिहावं?

‘सॉरी, शुक्रवारी मध्येच गायब झालो. आमची सिस्टिम बंद पडली होती आणि ड्युटी माझी होती, आज सकाळी सुटलो. तिकोना पावसात केलाय. वाट सोपी आहे, पण वरच्या पायऱ्या उभ्या आणि ओल्या असतात, जपून चढावं लागतं. तू ग्रुपबरोबर जाणार आहेस का?’

या निरोपात माफी एका वाक्यात संपते, कारण दुसऱ्या वाक्यात. उरलेली सगळी जागा तिच्या प्रश्नाला मिळते, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं. दोन दिवस ताटकळत राहिलेला प्रश्न लक्षात होता, हे उत्तरातूनच कळतं. नुसतं ‘खूप बिझी होतो, सॉरी’ लिहिलं तर पुढे काय बोलायचं याचं ओझं पुन्हा तिच्यावरच पडतं.

कारण खरं आणि थोडक्यात द्यावं. क्लायंटचं नाव, बिघाडाचा तपशील, डॉक्टर असाल तर पेशंटची माहिती अनोळखी माणसाला सांगायची नसते. शिवाय काही ॲपवर तुम्ही अलीकडे कधी येऊन गेलात ते समोरच्याला दिसतं. शनिवारी रात्री प्रोफाइल चाळत बसला असाल, तर ‘फोन हातात घ्यायला वेळ नव्हता’ हे वाक्य तिथेच उघडं पडेल. संकट चालू असतानाच ‘कामात अडकलोय, रविवारी नीट लिहितो’ एवढी ओळ टाकता आली तर उत्तमच. बंबलवर तर मॅचनंतरच्या पहिल्या निरोपाला आणि त्याच्या पहिल्या उत्तराला साधारण २४ तासांचीच मुदत असते. ती उलटली की मॅचच निघून जातो आणि माफी मागायला जागा उरत नाही.

निरोप पाठवल्यावर तिचं उत्तर लगेच आलं नाही तर ‘रागावलीस का?’ म्हणून मागे लागू नये. तिलाही तिचे दोन दिवस लागू शकतात.

आता असा निरोप ज्यांना येतो त्यांच्यासाठी. खऱ्या अडचणीतून सुटलेला माणूस परत येऊन गप्पा पुढे नेतो. पण उशिराची माफी मागताना ‘परदेशात साइटवर अडकलोय, खातं गोठलंय, थोडे पैसे पाठव’ असं सुरू झालं, तर ती फसवणुकीची ओळखीची पद्धत आहे. पैसे पाठवू नका, चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता जास्त.